अगस्त्य दोन हात वर

श्रावण लागला, तरी सोपाऱ्याचं जहाज सोकोत्रा बेटाच्या आडोशाला नांगर टाकून पडलेलंच होतं. मार्गशीर्षात ईशान्येचा वारा पाठीवर घेऊन ते निघालं होतं. तेरचं सुती कापड आणि पैठणचे अकीक तांबड्या समुद्राच्या बंदरांत खपले. आता पोटात मद्याचे कुंभ, पोवळी आणि इथल्याच झाडांचा थोडा तांबडा डिंक, हिरादखण, होता.

"मामा, कल्याणचं जहाज आज सुटलं," भाचा म्हणाला. "वारा तर घराकडेच वाहतोय!"

"वाहतोय ना. म्हणूनच बसलोय."

नैर्ऋत्येचा वारा रात्रंदिवस डोंगरावरून घोंघावत खाली उतरत होता. खलाशी कंटाळले होते. दोघंतिघं मशाली घेऊन गुहेत गेले आणि अंधारात खोलवर भिंतीवर आपली नावं कोरून आले. म्हाताऱ्याने नाव कोरलं नाही. तो रोज पहाटे दक्षिणेकडे तोंड करून हात लांब धरायचा आणि अगस्त्याचा तारा क्षितिजापासून किती वर आला ते आडव्या हाता-बोटांनी मोजायचा.

"तुला वाटतं, वारा पडेल आणि आपण मधेच अडकू," तो एकदा म्हणाला. "तेही होतं. भाद्रपद उलटला की शीड लोंबायला लागतं, आणि मग वारा उलटा फिरतो. पण हा आत्ताचा वारा तुला सोपाऱ्यापर्यंत नेईल आणि तिथे थांबू देणार नाही. खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा, त्यावर फुटणाऱ्या लाटा, मागून हा रेटा. परत फिरायचं म्हटलं तर कुठे फिरशील?"

भाचा गप्प बसला. पटलं नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

अगस्त्य दोन हात वर आला त्या दिवशी नांगर उचलला. वारा अजून जोरात होता, पण त्याचा दम तुटायला लागला होता. मधूनमधून थांबून श्वास घ्यायचा. चौदाव्या दिवशी पाण्याचा निळा रंग गढुळला आणि नाळेपाशी साप वळवळताना दिसले. किनारा जवळ आला होता. म्हाताऱ्याने अर्धं शीड उतरवलं, रात्र बाहेरच काढली आणि सकाळच्या भरतीबरोबर जहाज खाडीत घेतलं. दांड्यावर पाणी नुसतं चुळबुळत होतं.

धक्क्यावर पहिली बातमी भाच्याच्याच कानावर आली. तो धावत आला.

"मामा, कल्याणवाले कधीच पोचले! एक शीड फाटलं, बाकी सगळं धड. सगळं मद्य वरच्या भावानं विकलं त्यांनी. आता भाव उतरलाय."

म्हाताऱ्याने कपाळावरचं मीठ पुसलं.

"माणसं?"

"सगळी सुखरूप."

"बरं झालं," तो म्हणाला आणि हमालांकडे वळला. "अरे, तो कुंभ आडवा नका धरू. कान तुटेल."

भाचा क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याने कुंभाची दुसरी बाजू धरली.