रेप्लिकेशन, ट्रान्सक्रिप्शन, ट्रान्सलेशन : चाचणीआधीचं टिपण

बी.एस्सी. भाग १, कोल्हापूर. चाचणी शनिवारी, सकाळी ११ वाजता.

मागच्या वेळी एन्झाइमांची नावं सगळ्यांना पाठ होती, पण ती भलत्याच घरात जाऊन बसली होती. म्हणून यावेळी एकेक टप्पा घेऊन तिन्ही प्रक्रिया शेजारी-शेजारी बघू. वेगळं सांगितलं नसेल तिथे ई. कोलाय हाच जीवाणू धरा.

आधी एक तुकडा वहीत उतरवून घ्या.

```
सांकेतिक धागा : 5'-ATG GCT AAA TAA-3'
साचा धागा    : 3'-TAC CGA TTT ATT-5'
एमआरएनए     : 5'-AUG GCU AAA UAA-3'
पेप्टाइड      : मेथिओनिन-अलॅनिन-लायसिन
```

रेप्लिकेशनमध्ये दोन्ही धागे साचा होतात, ट्रान्सक्रिप्शनमध्ये फक्त एक. तलाठ्याकडून आपण आपल्या गटाचा सात-बारा काढतो, गावाचं दप्तर कोणी घरी आणत नाही. ट्रान्सक्रिप्शन म्हणजे तो उतारा, आणि रेप्लिकेशन म्हणजे अख्खं दप्तर पुन्हा लिहून काढणं. ट्रान्सलेशनला हा दाखला लावू नका, तिथे लिपीच बदलते.

सुरुवात. रेप्लिकेशन ओरिजिनपाशी सुरू होतं. डीएनए-ए हे प्रथिन तिथली साखळी थोडी उकलतं, मग हेलिकेस एटीपी खर्चून धागे वेगळे करत जातं. सुटे धागे पुन्हा चिकटू नयेत म्हणून एसएसबी प्रथिनं त्यांना धरून ठेवतात. पुढे पडणारा पीळ गायरेज सोडवतं. नव्या सुंभाची दोन पेडं ओढून वेगळी करून बघा, पुढचा पीळ किती घट्ट होतो ते हाताला कळेल.

ट्रान्सक्रिप्शनमध्ये सिग्मा घटक प्रमोटर ओळखतो आणि आरएनए पॉलिमरेज स्वतःच डीएनए उघडतं. वेगळं हेलिकेस लागत नाही, हीच सर्वांत जास्त दिसलेली चूक. (आपल्या पेशींत पॉलिमरेज २ सोबत टीएफ-२-एच येतं आणि त्यात हेलिकेस असतं. पण तो पुढच्या सत्राचा भाग.)

ट्रान्सलेशनची खरी सुरुवात रायबोसोमच्या बाहेर होते. अमिनोअसिल-टीआरएनए सिंथेटेज एटीपी वापरून योग्य अमिनो आम्ल योग्य टीआरएनएला जोडतं. कोडॉनचा अर्थ ठरतो तो इथे, कारण टीआरएनएवर कोणतं आम्ल चढलंय हे रायबोसोम फारसं तपासत नाही. मग ३०एस उपघटक एमआरएनएवर बसतो, एयूजीपाशी पहिला टीआरएनए येतो आणि ५०एस वरून बसतो. ३० आणि ५० मिळून ७०. बेरीज चुकलेली नाही. एस हे वजन नव्हे, तो तळाशी बसण्याच्या वेगाचा मापक आहे.

जोडणी. डीएनए पॉलिमरेजला कोऱ्या पाटीवर पहिलं अक्षर लिहिता येत नाही, त्याला आधीचं ३' टोक लागतं. म्हणून प्रायमेज आरएनएचा छोटा प्रायमर घालतं आणि पुढे डीएनए पॉलिमरेज ३ सेकंदाला सुमारे १००० न्यूक्लिओटाइड जोडत धावतं. नवा धागा नेहमी ५' कडून ३' कडेच वाढतो, त्यामुळे एक धागा सलग होतो आणि दुसरा ओकाझाकी तुकड्यांत. पॉलिमरेज १ प्रायमर काढून ती जागा डीएनएने भरतं, उरलेली फट लायगेज सांधतं.

आरएनए पॉलिमरेजला प्रायमर लागत नाही. दिशा तीच, ५' ते ३'. वेग मात्र बराच कमी.

ट्रान्सलेशनमध्ये ईएफ-टीयू टीआरएनएला ए जागेवर आणतं, पेप्टाइड बंध तयार होतो आणि ईएफ-जी रायबोसोमला एक कोडॉन पुढे सरकवतं. दोन्ही घटक जीटीपी वापरतात. बंध जोडणारं पेप्टिडिल ट्रान्सफरेज हे प्रथिन नाही! ते काम ५०एस मधला २३एस आरआरएनए करतो, म्हणून त्याला रायबोझाइम म्हणायचं. यावर २ गुण आहेत.

शेवट. ओरिजिनपासून दोन्ही बाजूंनी निघालेले काटे समोरासमोर आले की रेप्लिकेशन संपतं. ट्रान्सक्रिप्शन टर्मिनेटरपाशी संपतं, काही ठिकाणी त्यासाठी ऱ्हो प्रथिन लागतं. स्टॉप कोडॉनचा आरएनए पॉलिमरेजशी काहीही संबंध नाही. वरच्या तुकड्यातला यूएए ते आरामात ओलांडून जाईल. तिथे थांबतो रायबोसोम, कारण यूएएला जुळणारा टीआरएनए नसतो. त्या जागी रिलीज फॅक्टर येतो.

चुका. डीएनए पॉलिमरेज ३ चुकीचं अक्षर ३' ते ५' एक्झोन्यूक्लिएजने खोडतं. आरएनएत चुका जास्त होतात, पण त्या प्रती थोड्याच वेळात मोडल्या जातात, पुढच्या पिढीत जात नाहीत.

शेवटचा प्रश्न औषधांवर आहे. सिप्रोफ्लॉक्सॅसिन गायरेजला अडवतं, रिफाम्पिसिन जीवाणूच्या आरएनए पॉलिमरेजला, आणि टेट्रासायक्लिन ए जागेवर टीआरएनए बसू देत नाही. प्रत्येकाने आधी कोणती प्रक्रिया थांबेल ते लिहायचं. चौथं औषध पेनिसिलिन. ते यांत कुठेच बसत नाही, पण का, ते दोन ओळींत हवं.