१ किलो धुण्याची पावडर: कराड डेपोच्या जून-जुलैच्या ऑर्डरींचे विश्लेषण

प्रति: संचालक मंडळ
विभाग: उत्पादन नियोजन

विषय थेट दुसऱ्या पॅकिंग लाइनचा आहे. जूनच्या चौथ्या आठवड्यात कराड डेपोची ऑर्डर १,००० बॉक्सवरून २,८०० वर गेली, आणि त्याच आकड्याच्या जोरावर विक्री विभागाने नवी लाइन मागितली आहे. ती मंजूर करू नये, असे आमचे मत आहे. दुकानातली मागणी त्या आठवड्यात वाढली ती फक्त ५ टक्के. पावसाळा, शाळा सुरू झालेल्या, चिखलाचे गणवेश, दरवर्षीचेच.

सेकंडरी सेलच्या नोंदी आणि किरकोळ दुकानदारांचे नमुना आकडे जुळवून आलेली साखळी खाली दिली आहे (बॉक्स, जवळच्या ५० पर्यंत).

| आठवडा | ग्राहक | दुकानदार | स्टॉकिस्ट | डेपो |
|---|---|---|---|---|
| १ | १,००० | १,००० | १,००० | १,००० |
| २ | १,०५० | १,१५० | १,६०० | २,८०० |
| ३ | १,०५० | १,०५० | ७५० | ० |
| ४ | १,०५० | १,०५० | १,०५० | ७०० |
| ५ | १,०५० | १,०५० | १,०५० | १,०५० |

यात कोणी वेडेपणा केलेला नाही. दुकानदार दोन आठवड्यांचा माल ठेवतो. खप ५० ने वाढला की तो ते ५० मागतोच, शिवाय साठ्यासाठी आणखी १००. स्टॉकिस्टला मात्र ग्राहक दिसत नाही, दिसते ती ही १,१५० ची ऑर्डर. त्याचा साठा तीन आठवड्यांचा, म्हणून १५० ची वाढ त्याच्याकडे ४५० ची साठावाढ होते आणि ऑर्डर १,६०० वर जाते. डेपो दोन आठवड्यांचा साठा धरतो: १,६०० अधिक १,२००. पुढच्याच आठवड्यात स्टॉकिस्टकडून ७५० ची ऑर्डर आली, डेपोचा माल पडून राहिला आणि आपल्याला शून्य. त्या आठवड्यात लाइन बंद होती आणि गोडाऊनमध्ये २,८०० च्या हिशोबाने मागवलेली सोडा अ‍ॅश व पाउचची फिल्म येऊन पडत होती. म्हणजे हेलकावा आपल्याही पुढे, कच्च्या मालाच्या पुरवठादारापर्यंत गेला.

आठवडा २ ते ४ मिळून आपण ३,५०० बॉक्स पाठवले. ग्राहकांनी नेले ३,१५०. फरक ३५०, आणि तो सगळा साखळीच्या वाढीव साठ्यात बसलेला आहे: दुकानात १००, स्टॉकिस्टकडे १५०, डेपोत १००. ही भरती एकदाच होते. त्यासाठी कोणी लाइन टाकत नाही.

यालाच बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. प्रॉक्टर अँड गॅम्बलला लहान मुलांच्या डायपरमध्ये हेच दिसले होते. बाळांचा वापर जवळजवळ स्थिर, दुकानांची विक्री थोडी वरखाली, पण वितरकांच्या ऑर्डरी मात्र भलत्याच उसळणाऱ्या. हाउ ली आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याची चार कारणे मांडली: ऑर्डरीवरून मागणीचा अंदाज बांधणे, ऑर्डरी साठवून एकदम देणे, किमतीतले चढउतार आणि टंचाईत फुगवून मागणे. वरचा तक्ता पहिल्या कारणाचा. उरलेली तिन्ही आपल्याकडे आहेतच, आणि त्यातली बरीचशी आपणच घडवतो.

महिनाअखेरीची ‘दहावर एक’ स्कीम घ्या. २५ तारखेपर्यंत स्टॉकिस्ट हात आखडता घेतो, मग सेल्समनचे टार्गेट आणि स्कीम एकत्र आली की गाडी भरून माल उचलतो. पुढचे दोन आठवडे फोनही उचलत नाही. टार्गेट प्रायमरी सेलवर असेपर्यंत यात बदल होणार नाही. सेल्समनला दोष देऊन उपयोग नाही. टंचाईचे उदाहरण त्याच आठवड्यातले आहे. माल वाटून द्यावा लागेल असे कळताच एका स्टॉकिस्टने सांगितले, “साहेब, १८० लिहा, ९० आले तरी माझं भागतंय.” आपण १८० च नोंदवले. तक्त्यातून असा फुगवटा वगळला आहे, नाहीतर चित्र आणखी वाईट दिसले असते.

डेपोने स्टॉकिस्टच्या ऑर्डरीऐवजी ग्राहकांचा खप पाहून मागणी केली असती, तर आपल्याला दुसऱ्या आठवड्यात १,४०० (१,०५० अधिक साठ्याचे ३५०) आणि नंतर सरळ १,०५० ची ऑर्डर आली असती. तेच ३५० चार आठवड्यांत विभागले, तर आठवड्याला साधारण १,१४०. सध्याच्या लाइनची क्षमता १,३०० आहे.

मागण्या तीन. ऑगस्टपासून कराडच्या स्टॉकिस्टांचा सेकंडरी सेल दर सोमवारी नियोजनाकडे यावा. स्कीम महिनाअखेरीला न ठेवता तिचा लाभ महिनाभर सारखा द्यावा आणि सेल्समनचे टार्गेट सेकंडरीवर लावावे. विक्री विभागाचा विरोध अपेक्षित आहे, कारण पहिल्या महिन्यात प्रायमरीचा आकडा खाली दिसेल. टंचाईच्या काळात वाटप ऑर्डरीच्या प्रमाणात न करता मागच्या आठ आठवड्यांच्या खपाच्या प्रमाणात व्हावे. लाइनचा प्रस्ताव दिवाळीनंतरच्या सेकंडरी आकड्यांसह पुन्हा विचारात घ्यावा.