घटक नियोजन: समोच्च रेषा (इयत्ता सातवी, भूगोल, 35 मिनिटांच्या 6 तासिका)

शेवटी काय यायला हवे: कधीही न पाहिलेला समोच्च रेषा नकाशा वाचून विद्यार्थ्याने जागेबद्दल निर्णय घ्यावा आणि त्याचे कारण नकाशातूनच द्यावे. पाठ्यपुस्तकातलाच नकाशा परीक्षेत दिला की पाठांतर तपासले जाते, वाचन नाही. म्हणून नकाशा आपणच काढायचा.

पुरावा (सहावी तासिका, 20 गुण)

काल्पनिक गावाचा नकाशा. प्रमाण 1:50,000, समोच्च अंतर 20 मीटर, रेषा 560 ते 700 मीटर. घरे 580 ते 620 मीटरच्या दरम्यान. प्रश्न: पंपाशिवाय सगळ्या घरांना पाणी पोचेल अशी टाकी क, ख, ग यांपैकी कुठे बांधाल?

क 600 मीटरवर, अगदी रस्त्यालगत. ख 660 मीटरवर, डोंगराच्या सोंडेवर. 560 पासून तिथवर नकाशात 2 सेंमी, म्हणजे 1 किमी, उतार 1:10. ग 680 मीटरवर. 580 पासून फक्त 4 मिमी, म्हणजे 200 मीटर, उतार 1:2. उत्तर ख.

गुण: उतार काढणे 4, उभा छेद 6, दरी व सोंड ओळखणे 2, निवड व कारण 8. नुसते ‘ख’ लिहिले तर आठांपैकी 2च. टाकीची व सर्वांत वरच्या घराची उंची आणि गचा तीव्र उतार, हे तिन्ही कारणात यायला हवेत. क निवडणारा विद्यार्थी आडवे अंतर वाचतो, उंची वाचत नाही. त्याची अडचण नेमकी तिथेच आहे.

झेरॉक्स लहान केली की 1:50,000 हे अंकप्रमाण खोटे ठरते. नकाशावर रेषाप्रमाणही छापा.

हे ठरल्यावरच उपक्रम

बटाटा कापून रेषा काढणे मुलांना फार आवडते, पण त्यातून ‘एका रेषेवर एकच उंची’ एवढेच कळते. त्याला पहिल्या तासिकेतली 15 मिनिटे पुरेत. उरलेल्या वेळात समोच्च अंतर.

दुसरी: प्रमाण व उतार.

तिसरी: दरी आणि सोंड. दोन्हींत रेषा इंग्रजी ‘व्ही’सारख्या वळतात. दरीत टोक चढाकडे, सोंडेत उताराकडे. शेवटची 5 मिनिटे चिठ्ठी: दोन आकृत्या, फक्त उंचीचे आकडे, नदी दाखवायची नाही.

चौथी व पाचवी: कागदाच्या पट्टीने उभा छेद. पट्टी रेषेवर ठेवून प्रत्येक छेदाला खूण व उंची, मग आलेखावर. उभे प्रमाण 1 सेंमीला 20 मीटर घेतले तर उंची 25 पट फुगते आणि साधी टेकडी भिंतीसारखी दिसते. छेदाखाली हे लिहायला लावा, नाहीतर मुले उतार चित्रावरून सांगतात.

तिसऱ्या तासिकेच्या चिठ्ठीत एक तृतीयांशाहून जास्त मुले चुकली तर चौथीची सुरुवात छेदाने नको. दोन्ही आकृत्यांत आधी सर्वांत मोठा आकडा शोधून तिकडे बाण काढायचा, मग टोकाची दिशा पाहायची.