लाकडी घाण्याचं शेंगतेल, सांगली : व्यवसाय आराखड्यातला ग्राहक सर्वेक्षणाचा भाग

एक घाणा घ्यायचा की दोन, एवढंच या सर्वेक्षणातून ठरवायचं आहे. ज्या प्रश्नाच्या उत्तराने हा निर्णय हलणार नाही, तो प्रश्नावलीत घेतलेला नाही.

किती घरं? सूत्र n = z²pq/e². यात n म्हणजे घरांची संख्या, z विश्वासपातळीनुसार येणारा आकडा, ९५ टक्क्यांना १.९६, p म्हणजे हो म्हणणाऱ्यांचं प्रमाण, q म्हणजे १ − p, आणि e म्हणजे चालणारी चूक. ९५ टक्के विश्वासपातळी आणि p = ०.५ धरून ५ टक्क्यांची चूक चालवायची तर ३८५ घरं लागतात. आम्ही दोघीच फिरणार, म्हणून ७ टक्के चूक मान्य केली. तेव्हा १९६, म्हणजे २०० घरं पुरतात. सांगली, विश्रामबाग आणि मिरज इथल्या २० गल्ल्या चिठ्ठ्या टाकून निवडू, प्रत्येक गल्लीत १० घरं होईपर्यंत दर पाचवं दार. एकाच गल्लीतली घरं बरीचशी सारखी असतात, त्यामुळे खरी चूक ७ टक्क्यांहून थोडी जास्तच राहील.

कुलूप दिसलं म्हणून शेजारचं दार वाजवायचं नाही. त्याच घरी आणखी एकदा जायचं. दुपारी फक्त घरी असणारेच भेटतात, म्हणून वेळ संध्याकाळी ६ ते ८ आणि रविवार सकाळ. नातेवाईक, भिशीच्या मैत्रिणी, सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप यांतून एकही फॉर्म भरायचा नाही. ही मंडळी आपल्याला नाही म्हणत नाहीत.

प्रश्न. पहिल्या मसुद्यात होतं : "आरोग्यासाठी शुद्ध घाण्याचं तेल घ्यायला आवडेल का?" याला नाही कोण म्हणेल? तो काढला. आता क्रम असा :

१. गेल्या महिन्यात घरात कोणकोणतं तेल आलं? साधारण किती लिटर?
२. शेवटचं तेल कुठून आणलं, आणि काय भावाने?
३. घाण्याचं तेल कधी आणलं होतं का? आणलं असेल आणि बंद केलं असेल, तर कशामुळे?
४. हे तेल लिटरला ३२० रुपयांना मिळालं, तर पुढच्या महिन्यात घ्याल का? नक्की / कदाचित / नाही
५. ५० रुपये आगाऊ देऊन एक लिटर आत्ता नोंदवता का?

चौथ्या प्रश्नात निम्म्या फॉर्मवर ३२०, निम्म्यावर ३८०. एकाच माणसाला दोन्ही भाव विचारले की तो घासाघीस सुरू करतो. दोन्ही फॉर्म आलटून पालटून वापरायचे, घर बघून भाव ठरवायचा नाही. दर गटात १०० च घरं असल्याने दोन गटांतला १४ टक्क्यांपेक्षा कमी फरक आम्ही खरा मानणार नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. वास, फेस, तळाशी बसणारा गाळ, भाव, यांतलं काहीही आपण सुचवायचं नाही. बोलतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवायचं. घाण्याची मालक म्हणून ओळख शेवटी, पाचव्या प्रश्नाआधीच द्यायची. आधी १० घरांत चाचणी. ते फॉर्म मोजणीत नाहीत.

निर्णय. "कदाचित" हे "नाही" मध्ये धरू. आगाऊ रक्कम देणारी घरं २०० पैकी ३० हून कमी भरली, तर एकच घाणा.