दुधाच्या डब्याचे 50 रुपये जास्त लागले, वापस करा

नमस्कार शेटजी,

काल मंगळवारी, 10 जूनला, बाजाराच्या गर्दीत तुमच्या दुकानातून लेकराच्या दुधाच्या पावडरचे दोन डबे नेले. बहीण बाळंतपणाला आली आहे, डॉक्टरनं तोच डबा सांगितला म्हणून दुसरा घेता येत नाही. घरी येऊन पाहतो तर डब्यावर एमआरपी 425 छापली आहे आणि बिलात 450 रुपये भाव लावलाय, दोनाचे 900 झाले, म्हणजे 50 रुपये जास्त. बिल नंबर 1187 आहे, पैसे फोनवरून दिले होते तर त्याचीबी नोंद आहे. बिलाचा आणि डब्याच्या छापील किमतीचा फोटो सोबत पाठवून राहिलो.

संध्याकाळी वापस आलो होतो, तुम्ही नव्हते. काउंटरवरच्या पोरानं सांगितलं की जीएसटी वेगळा लागते, मग म्हणे माल अमरावतीहून आणा लागते, गाडीभाडं पडते. शेटजी, डब्यावरच लिहून आहे ना, सगळे कर धरून किंमत. जीएसटी त्याच्यातच आला, आणि भाडं तुमच्या मार्जिनमधून जाईल, गिऱ्हाईकाकडून छापील किमतीच्या वर घेता येत नाही, वैधमापन कायद्याच्या पॅकबंद मालाच्या नियमातच आहे ते. कमी भावात विकायला कोणी नाही म्हणत नाही, वर मात्र नाही.

मला पोराशी भांडायचं नाही, त्याला जे कॉम्प्युटरवर दिसलं ते त्यानं मारलं. पण मग कॉम्प्युटरमध्येच 450 टाकून असेल तर हा डबा नेणाऱ्या प्रत्येकाचे 25 रुपये जाऊन राहिले. ज्या बाया मजुरीच्या पैशातून लेकरासाठी डबा नेतात त्यांनी बारीक अक्षरातली किंमत कधी वाचायची, त्या तर तुमच्या भरवशावर घेतात. मलाही याचंच जास्त वाईट वाटलं, माझे वडीलही तुमच्याच दुकानातून सामान आणायचे.

तर 50 रुपये ज्या नंबरवरून पैसे आले त्याच नंबरवर वापस टाका, 425 च्या भावाचं दुरुस्त केलेलं बिल द्या आणि कॉम्प्युटरमधला भाव आजच बदला. बाकीच्या पॅकबंद मालाचे भावही एकदा छापील किमतीशी ताळून पाहा, बिस्किट, साबण, तेल सगळं. आधी कोणाकडून जास्त घेतले असतील तर ते आले की त्यांनाही वापस करा.

शनिवारी, 14 तारखेपर्यंत वाट पाहतो. तोवर काही झालं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकीन आणि जिल्ह्याच्या वैधमापन ऑफिसातही अर्ज देईन, बिल आणि डबे दोन्ही जपून ठेवले आहेत. त्याच्या आधी तुमच्याशीच बोलावं म्हणून हे लिहिलं. फोन केला तरी चालते, दुपारी शेतात असतो, सातनंतर करा.

तुमचा नेहमीचा गिऱ्हाईक,
मारुतीच्या देवळामागचा मोटरपंप रिपेअरवाला