न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी अहवाल

रुग्ण: महिला, वय ६९, बी.कॉम., बँकेतून निवृत्त कॅशिअर, मुक्काम सांगली. सोबत थोरली मुलगी.
पाठवणारे: न्यूरॉलॉजिस्ट. प्रश्न: एमसीआय म्हणजे स्मृती-आकलनातल्या सौम्य घटीची सुरुवात, की नैराश्यातला विसराळूपणा?

पार्श्वभूमी: पती जाऊन १४ महिने झाले. तक्रारी त्यानंतर दोन-तीन महिन्यांत सुरू झाल्या: नावं आठवत नाहीत, दूध उतू जातं, वाचलेलं डोक्यात राहत नाही. पहाटे तीनला जाग येते, जेवण तुटलं आहे, भजनी मंडळ सुटलं. झोपेसाठी रोज रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिन २५ मिग्रॅ. बी-१२ व थायरॉइड नॉर्मल, एमआरआय वयानुरूप.

बाईंनी येताना वही आणली. काय विसरलं ते तारीखवार लिहिलेलं. मुलीला मात्र आई "विसरते कमी, गप्प जास्त" वाटते. बारा जणींच्या भिशीचा हिशोब आजही त्याच ठेवतात आणि तो चोख आहे.

वर्तन: उत्तराला वेळ लावतात, "नाही जमायचं" म्हणून मध्येच सोडतात. शंभरातून सात-सात वजा करत जाताना दुसऱ्या पायरीला थांबल्या. पाचशेच्या नोटेतून सुटे किती परत द्याल, हे विचारल्यावर लगेच बरोबर सांगितलं. त्यामुळे खालचे आकडे त्यांच्या क्षमतेपेक्षा थोडे कमीच धरावेत.

निष्कर्ष: स्मृती-आकलनाच्या मराठी मोका चाचणीत २३/३०. पाच शब्दांपैकी दोन आपणहून आठवले, उरलेले तिन्ही, शब्द कोणत्या प्रकारातला आहे हा इशारा देताच आले. पंधरा शब्दांची यादी पाच वेळा ऐकवली: ३, ५, ६, ८, ९. अर्ध्या तासाने ७. ओळखण्याच्या चाचणीत १४ बरोबर, चुकीचा होकार एकच. म्हणजे शब्द आत जायला वेळ लागतो, पण गेलेले टिकतात. एमसीआयच्या स्मृतिप्रधान प्रकारात उलट दिसतं: मिळवलेलं गळून जातं आणि इशाऱ्याचाही फारसा उपयोग होत नाही. एका मिनिटात प्राण्यांची नावं १४, 'क'चे शब्द ६. कागदावरचे अंक क्रमाने रेषेने जोडण्यात वेग मंद, चूक नाही. ज्येष्ठांमधलं नैराश्य मोजणाऱ्या जीडीएस-१५ प्रश्नावलीवर १५ पैकी ११. "देवानं न्यावं" असं त्या म्हणतात. विचारल्यावर आत्महत्येचा विचार किंवा बेत नाकारला.

मत: चित्र नैराश्याशी जुळतं, अ‍ॅमिट्रिप्टिलिनमुळे भर पडत असावी. आज एमसीआयचं निदान करण्याइतका पुरावा नाही. तरीही उतारवयात प्रथमच आलेलं नैराश्य कधी कधी स्मृतिभ्रंशाची आगाऊ खूण ठरतं, म्हणून प्रश्न कायमचा मिटला असं लिहीत नाही.

सूचना: मानसोपचारतज्ज्ञांची भेट याच आठवड्यात, मरणाच्या बोलण्याबद्दल प्रत्येक भेटीत विचारावं. अ‍ॅमिट्रिप्टिलिनला पर्याय डॉक्टरांनी ठरवावा, घरच्यांनी गोळी परस्पर बंद करू नये. भिशी त्यांच्याकडेच राहू द्या. उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी वेगळी शब्दयादी घेऊन फेरतपासणी. मन सावरूनही अर्ध्या तासानंतरची आठवण घसरली, किंवा हिशोबात चुका होऊ लागल्या, तर एमसीआयचा विचार नव्यानं करावा.