बाबा गेले

मंगळवारी पहाटे बाबा गेले. घरीच, झोपेत. वय ७० होतं. गेले दोन महिने फुप्फुसं साथ देत नव्हती, तरी रविवारपर्यंत अंगणातल्या खुर्चीवर येऊन बसत होते. मी आदल्या रात्रीच पुण्याहून आले होते, त्यामुळे शेवटचं बोलणं झालं. बोलणं म्हणजे काय, "जेवलीस का?" एवढंच.

प्रत्येकाला फोन करणं जमलं नाही, म्हणून इथे कळवते आहे. कुणाला ही बातमी अशी वाचावी लागली असेल तर राग मानू नका.

वाईतले बरेच जण बाबांना एसटीमुळे ओळखतात. १९८१ ते २०१३ ते ड्रायव्हर होते. त्यातली बरीच वर्षं पसरणीच्या घाटात, पाचगणी-महाबळेश्वरच्या गाडीवर गेली. 'ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरायचा', हे मला स्कूटर शिकवतानाही ऐकवायचे. स्कूटर वाईच्या सपाट रस्त्यावर असली तरी. घरचा नियम आणखी वेगळा. आई मागं बसली की त्यांच्या खांद्यावर दोनदा टपली मारायची. ती डबल बेल. तिच्याशिवाय गाडी हलायची नाही. रिटायर झाल्यावरही त्यात खंड पडला नाही.

मंगळवारी डेपोतली त्यांच्या बरोबरीची माणसं आली. काही जण ड्यूटी संपवून तसेच खाकी कपड्यांत आले होते. दार लहान, माणसं जास्त, पण कुणी मोठ्यानं बोललं नाही. त्या सगळ्यांचे आभार कसे मानू, कळत नाही.

नेत्रदानाचा फॉर्म बाबांनी स्वतः भरून ठेवला होता. सहा तासांच्या आत ते झालं. शेजारच्या काकांनी त्या गडबडीत आठवणीनं फोन केला, नाहीतर आम्हाला सुचलं नसतं.

दहावा येत्या गुरुवारी सकाळी ८ वाजता कृष्णाकाठी घाटावर आहे. तेराव्याला, रविवारी, घरचेच असू. हार, शाल, काही आणू नये ही आईची विनंती. तिचा फोन सध्या माझ्याकडे आहे. तिला भेटायचं असेल तर संध्याकाळी ५ नंतर या, दुपारी तिला जरा पडू देतो आहोत. रात्रीची झोप नाहीच.

फोटो त्यांच्या युनिफॉर्ममधला लावलेला नाही. हा मागच्या दिवाळीतला आहे, स्वेटर उलटा घातलेला. त्यांना आम्ही सांगितलंच नव्हतं.

आल्यावर आईशी काय बोलावं असा प्रश्न पडला, तर बाबांच्या गाडीनं कधी गेला असाल ते सांगा. कुठून कुठे, आणि बसायला जागा मिळाली होती का. ती हे सगळ्यांना विचारते आहे.